तीन पोळ्या, चार मुलं: तिसरीच्या वर्गात अपूर्णांक कसे शिकवायचे

"बाई, मला मोठं अर्धं द्या." तिसरीतल्या मुलाने असं म्हटलं की मला कळतं, याला अर्धा हा शब्द येतो, पण अर्धं म्हणजे काय ते अजून यायचंय. त्याच्या लेखी अर्धं म्हणजे तोडलेलं. अर्धी पेन्सिल, अर्धा खाल्लेला पेरू, अर्ध्यात सोडलेला डाव. मग दोन तुकड्यांतला एक जरा मोठा असला तर कुठे बिघडलं?

हा घोळ फळ्यावर १/२ लिहून सुटत नाही. मी पूर्वी तसंच करत असे. गोल काढायचा, मधे रेघ मारायची, एक बाजू खडूने भरायची. मुलं वहीत सुबक उतरवून घ्यायची आणि परीक्षेत चार भागांपैकी एक रंगवलेला दिसला की १/३ लिहायची. आता मी चार तासिका घेते आणि पहिल्या दोन तासिकांत अपूर्णांकाचा आकडा फळ्यावर येऊच देत नाही. पहिल्या दिवशी पोळ्या, दुसऱ्या दिवशी कागदाच्या पट्ट्या, तिसऱ्या दिवशी आकडे, चौथ्या दिवशी सराव कागद. खालचा हिशोब चोवीस मुलांचा आहे. घरी एकाच मुलाला शिकवायचं असेल तर तीन पोळ्या, घरातली चार माणसं आणि एक कोरा कागद एवढं पुरतं.

आदल्या दिवशीची तयारी

चार-चार मुलांचे सहा गट आणि प्रत्येक गटाला तीन पोळ्या, म्हणजे अठरा पोळ्या लागतात. पुरीपेक्षा थोड्या मोठ्या, पण सगळ्या एका मापाच्या हव्यात. लाटून झाल्यावर वाटी किंवा डब्याचं झाकण दाबून कापून घेतल्या की माप सारखं येतं. मुलांच्या डब्यातल्या पोळ्या या दिवशी चालत नाहीत. प्रत्येक घरची पोळी वेगळ्या आकाराची असते आणि सगळी चर्चा त्यातच अडकते. पोळी मऊ हवी. कडक फुलका घडी घालताना तुटतो, भाकरीला तर घडीच पडत नाही. भाजल्यावर फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा आणि तूप लावू नका, नाहीतर पुढचे कागद तेलकट होतात. मुलांनी हात धुवून बसायचं, कारण शेवटी या पोळ्या खायच्याच आहेत.

त्याच झाकणाभोवती पेन्सिल फिरवून कागदाच्या गोल 'पोळ्या' कापा. प्रत्येक गटाला सहा पुरतात.

पट्ट्यांसाठी झेरॉक्सचा साधा कागद घ्या. पट्टी २४ सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद. २४ हा आकडा मुद्दाम घेतलाय. त्याचे दोन, तीन, चार, आठ भाग केले तरी प्रत्येक भाग पूर्ण सेंटीमीटरात येतो, त्यामुळे घडी बरोबर पडली की नाही ते मूल फूटपट्टीने स्वतः तपासू शकतं. ए-फोर कागदाच्या रुंदीत अशा सात पट्ट्या बसतात. प्रत्येक मुलाला सहा पट्ट्या, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. वाया जाणाऱ्या धरून पंचवीस कागद काढून ठेवा. कार्डपेपर नको. तिसऱ्या घडीला तो उसळतो आणि रेषा सरकतात.

पहिला दिवस: पोळी वाटायची

प्रत्येक गटापुढे ताटलीत दोनच पोळ्या ठेवा. तिसरी आपल्या डब्यात राहू द्या. सांगायचं एवढंच: "दोन पोळ्या आहेत, तुम्ही चौघं आहात. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही आणि ताटलीत काही उरायचं नाही." कसं करायचं ते सांगू नका. नियम मात्र एक घाला: जो तोडेल तो शेवटी उचलेल. हा नियम नसेल तर मुलं 'झालं सारखं' म्हणून मोकळी होतात. नियम असला की तोडणारा आधी पोळी दुमडून कडेवर कड जुळवून बघतो, कारण लहान तुकडा आपल्याच वाट्याला येणार हे त्याला पक्कं माहीत असतं.

प्रत्येकापुढे अर्धी पोळी आली की ती कागदावर ठेवायला लावा. खायची नाही. (हे दोनदा सांगावं लागतं.) आता तिसरी पोळी द्या आणि सूचना तीच.

खरी गंमत इथे होते. गेल्या वर्षी एका गटाने पोळीच्या चार उभ्या पट्ट्या कापल्या, सुरळीच्या वड्या कापतात तशा. पट्ट्यांची रुंदी अगदी सारखी होती. कापणाऱ्या मुलाच्या वाट्याला कडेची पट्टी आली आणि तो रुसला. बाकीचे म्हणाले, "सारखंच तर कापलंय, बघ की!" मी दोन-तीन मिनिटं वाद चालू दिला. मग कडेची पट्टी मधल्या पट्टीवर ठेवायला सांगितली. मधलीचा भाग दोन्ही टोकांना उघडा राहिला. गोल पोळीच्या अशा चार पट्ट्या केल्या तर कडेच्या पट्टीत पोळीचा जेमतेम पाचवा हिस्सा येतो आणि मधल्या पट्टीत तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास जातो. हे आकडे मुलांना सांगायचे नाहीत. रुंदी सारखी असूनही वाटणी सारखी झाली नाही, एवढं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की झालं. त्या गटाला एक कागदी पोळी दिली. एकीने ती दुमडली, परत दुमडली, उघडली आणि म्हणाली, "हे तर घडीच्या पोळीसारखं झालं." खरंच आहे. घडीची पोळी लाटताना आई उंड्याची पारी अशीच दोनदा दुमडते.

या तुकड्याचं नाव मुलांनाच विचारा. कुणीतरी 'पाव' म्हणेल आणि वडापाव आठवून वर्ग हसेल. हसू द्या, मग पाव किलो साखरेची आठवण करून द्या. एखाद्या घरात आजी 'चतकोर' म्हणत असेल तर तो शब्द फळ्यावर लिहाच. चतकोर म्हणजे चौथा भाग, आणि तो पोळी-भाकरीसाठीच वापरतात, त्यामुळे मुलांच्या डोळ्यांपुढे लगेच आकार उभा राहतो.

आता प्रत्येकापुढे एक अर्धी आणि एक चतकोर आहे. विचारा, "प्रत्येकाला किती मिळाली?" 'दीड', 'अडीच', 'दोन तुकडे' अशी उत्तरं येतात. 'दोन तुकडे' म्हणणाऱ्याला थांबवून विचारा, "मी एक पूर्ण पोळी आणि एक घास दिला तर तेही दोनच तुकडे ना? मग ते एवढंच झालं का?"

मग पाऊण हा शब्द आणा. कागदी पोळी घ्या, चार भागांच्या घड्या घाला आणि त्यातली एक चतकोर कापून बाजूला काढा. उरलेल्या भागावर एका मुलाची अर्धी आणि चतकोर मांडा. बरोबर बसते. पाऊण म्हणजे पाव ऊन, पावाने कमी. शब्दच सांगतो की पूर्णातून एक चतकोर गेली. पावणेदोनमध्येही हेच आहे, पण ते आज काढू नका.

आता पोळ्या खाऊ द्या. तोंडं चालू असतानाच शेवटचा प्रश्न टाका: "मी तिन्ही पोळ्या एकदम दिल्या असत्या तर कशा वाटल्या असत्या?" हे कागदी पोळ्यांवर करायचं. काही गट पुन्हा अर्धी आणि चतकोर करतात. काही गट तिन्ही पोळ्यांच्या चार-चार चतकोर करून प्रत्येकाला तीन देतात. दोन्ही वाटण्या फळ्याशेजारी चिकटवा. कुठली चांगली ते ठरवू नका. तीन चतकोर आणि पाऊण एकच, हे तिथे उघड दिसत राहतं आणि परवा ३/४ लिहिताना त्याकडे बोट दाखवता येतं.

दुसरा दिवस: पट्टी दुमडायची

पोळी वाटायला उत्तम, पण ती टिकत नाही आणि चारच्या पुढे तिचे भाग नीट होत नाहीत. पुढचं काम कागदावर.

प्रत्येक मुलाकडे आज पाच पट्ट्या. पहिली दुमडायची नाही, तिच्यावर 'पूर्ण' लिहायचं. दुसरीला एक घडी. टोकावर टोक जुळवायचं, दोन बोटांनी धरून ठेवायचं आणि मगच नखाने दाबायचं. घाई करणारी मुलं आधी दाबतात आणि मग जुळवतात, म्हणून 'जुळव, धर, दाब' हे तीन शब्द मी लयीत म्हणून घेते.

तिसऱ्या पट्टीला दोनदा घडी. चौथीला तीनदा, पण उघडण्याआधी थांबवा: "आत किती भाग असतील?" बहुतेक जण सहा म्हणतात, कारण दोन, चार, मग सहा. उघडल्यावर आठ निघतात आणि दोघं-तिघं परत दुमडून बघतात. दर घडीला भाग दुप्पट होतात, कारण आपण सगळे थर एकदम दुमडतो, हे त्यांच्याकडूनच येऊ द्या.

इथे एक चूक हमखास होते. मुलं भाग मोजायच्या ऐवजी रेषा मोजतात. चार भागांच्या पट्टीवर तीन रेषा असतात, म्हणून 'तीन भाग' असं उत्तर येतं. उपाय साधा आहे. प्रत्येक भागावर बोट ठेवून मोठ्याने मोजायचं आणि पेन्सिलीने त्यात १, २, ३, ४ असे आकडे घालायचे.

पाचव्या पट्टीचे तीन भाग. अर्ध्याच्या अर्ध्याने तीन कधीच येत नाहीत, हे आधी पाच मिनिटं झगडून कळू द्या. मग दाखवा: पट्टी न दाबता सैल वळवायची, एक टोक वरून आणि दुसरं खालून, म्हणजे बाजूने बघितलं की इंग्रजी झेडसारखी दिसते. दोन्ही टोकं वळणांना भिडेपर्यंत सरकवत राहायचं आणि तिन्ही थर सारखे झाले की दाबायचं. पहिल्या प्रयत्नात निम्म्या मुलांना जमत नाही. अशांना फूटपट्टीने ८ आणि १६ सेंमीवर खुणा करू द्या. घडी शिकणं हा आपला विषय नाही.

आता फूटपट्टीने तपासणी: अर्धा भाग १२ सेंमी, पाव ६, आठवा ३, तिसरा ८. एक-दोन मिलिमीटरचा फरक सोडून द्या. अर्ध्या सेंटीमीटरचा फरक असेल तर नवी पट्टी.

पाचही पट्ट्या वहीत एकाखाली एक चिकटवायच्या, डावी कड सगळ्यांची एका रेषेत. ही कड चुकली की पुढची सगळी तुलना चुकते. मग विचारा, "कुठल्या पट्टीचा एक भाग सगळ्यांत मोठा?" समोर पट्ट्या असूनही एक-दोन मुलं आठ भागांच्या पट्टीकडे बोट दाखवतात, कारण आठ मोठा. त्यांना पट्टीवर समजावत बसू नका, पोळीकडे न्या: "एका पोळीवर दोघं जेवायला बसले तर तुला जास्त मिळेल की आठ जण बसले तर?" उत्तर लगेच बरोबर येतं. ते आलं की बोट परत पट्टीवर.

तिसरा दिवस: आकडा लिहायचा

फळ्यावर आडवी रेघ मारा. आधी रेघेखालचा आकडा लिहा, वरचा नंतर. खाली: पूर्णाचे किती समान भाग केले? वर: त्यातले किती घेतले? मुलं सवयीने वरून खाली लिहितात आणि दोन सुटे आकडे लिहिल्यासारखं लिहितात. खालून लिहिलं की हातच क्रम पाळतो: आधी वाटणी, मग आपला वाटा. वाचताना 'तीन छेद चार' म्हणायचं आणि लगेच 'पाऊण' असंही. अंश आणि छेद ही नावं सांगा, पण आज ती पाठ करून घेऊ नका.

फळ्याशेजारच्या तीन चतकोरींकडे बोट दाखवून ३/४ लिहा. मग सुरुवातीला सांगितलेली जुनी चूक मुद्दाम काढा. चार भागांच्या पट्टीचा एक भाग रंगवा आणि विचारा, किती रंगवला? १/३ म्हणणारं मूल आंधळेपणाने सांगत नसतं. त्याने एक रंगीत आणि तीन कोरे असं मोजलेलं असतं. त्याला वहीतली तीन भागांची पट्टी दाखवा: "१/३ तर हा आहे. हा आणि तू रंगवलेला सारखे आहेत का?" एक ८ सेंमीचा, दुसरा ६ सेंमीचा. मग विचारा, "रंगवलेला भाग पट्टीतच आहे की बाहेर गेला? मग मोजताना त्याला का सोडलंस?"

यानंतर राखून ठेवलेली सहावी पट्टी. एक घडी घालून अर्धा भाग रंगवायचा, १/२ लिहायचं. त्याच पट्टीला परत घडी घालून उघडायची. रंग वाढला का? नाही. भाग किती झाले? चार. रंगीत किती? दोन. म्हणजे २/४. अजून एक घडी, ४/८. 'सममूल्य' हा शब्द पुढच्या इयत्तेसाठी राहू दे. रंग तेवढाच आहे, फक्त घड्या वाढल्या, हे मूल आपल्या शब्दांत सांगतंय की नाही ते ऐका.

चौथा दिवस: सराव कागद

हा कागद हाताने लिहून झेरॉक्स काढता येतो. आकृत्या झाकण आणि फूटपट्टीने काढा. पट्ट्या आणि कागदी पोळ्या जवळ ठेवायची मुभा द्या.

१. २ पोळ्या, ४ मुलं. प्रत्येकाला किती? चित्र काढा आणि शब्दांत लिहा.

२. ३ पोळ्या, २ मुलं. प्रत्येकाला किती?

३. ५ पोळ्या, ४ मुलं. प्रत्येकाला किती?

४. तीन गोल आहेत. (अ) मध्यातून जाणारी उभी रेघ. (ब) मध्यापासून सरकलेली उभी रेघ. (क) मध्यातून जाणारी तिरपी रेघ. कोणत्या गोलांचे दोन समान भाग झाले?

५. ८ सेंमी लांबीच्या पट्टीचे ४ समान भाग केले आहेत, १ भाग रंगवला आहे. रंगवलेला भाग किती? कोरा भाग किती?

६. जोड्या जुळवा. डावीकडे: अर्धा, पाव, पाऊण, पूर्ण. उजवीकडे: ४ भागांपैकी ३, ४ भागांपैकी ४, ४ भागांपैकी २, ४ भागांपैकी १.

७. लहानापासून मोठ्याकडे लावा: १/३, १/८, १/२, १/४.

८. मीनाने अर्धी भाकरी खाल्ली, राजूने अर्धी पुरी खाल्ली. दोघांनी सारखंच खाल्लं का? का?

९. खालची पट्टी ३ सेंमी लांब आहे. ती एका पट्टीचा पाव भाग आहे. पूर्ण पट्टी काढा.

१०. एक कागद तीनदा दुमडला, दर वेळी बरोबर मधोमध. उघडल्यावर किती भाग? किती रेषा?

उत्तरं: १) अर्धी. २) दीड. ३) सव्वा. ४) अ आणि क. ५) १/४ आणि ३/४. ६) अर्धा–२, पाव–१, पाऊण–३, पूर्ण–४. ७) १/८, १/४, १/३, १/२. ८) नाही, भाकरी आणि पुरी सारख्या आकाराच्या नाहीत. ९) १२ सेंमी. १०) ८ भाग. कागद एकाच दिशेने दुमडला असेल तर ७ रेषा.

दहाव्या प्रश्नात कुणी चौकोनी कागद उभा-आडवा दुमडला तर भाग आठच येतात, रेषा मात्र कमी येतात. ते उत्तर चुकीचं धरू नका, कागद मागून घ्या आणि मोजून बघा.

कागद तपासताना एकूण गुणांपेक्षा कुठला प्रश्न चुकला ते बघा. चौथा चुकला, किंवा त्यात फक्त (अ) लिहिला, तर समान भाग म्हणजे काय हेच अजून पक्कं झालेलं नाही. तिरपी रेघ दिसली की त्यांना ते अर्धं वाटत नाही. अशा मुलाला गोल कापून एक भाग दुसऱ्यावर फिरवून ठेवायला द्या. पाचव्यात १/३ आलं तर तिसऱ्या दिवसाचं काम परत. सातवा नेमका उलटा लावला असेल तर पोळी आणि पाहुणे. आठवा आणि नववा हे दोन सगळ्यांत जास्त सांगून जातात. नवव्यात काही मुलं ३ सेंमीच्या पट्टीचेच चार भाग पाडतात, म्हणजे 'पाव' ऐकलं की त्यांना तोडायचंच सुचतं. त्यांना हातात एक खरी चतकोर द्या आणि विचारा, अशा किती जोडल्या की आख्खी पोळी होईल?

आठवड्याने पहिले तीन प्रश्न आकडे बदलून तोंडी विचारा, समोर काही न ठेवता: एक पोळी चौघांत, सहा पोळ्या चौघांत, सात पोळ्या चौघांत. उत्तरं पाव, दीड आणि पावणेदोन. तिसरं उत्तर ज्याला येतं त्याने पाऊणमधला 'ऊन' नीट ऐकलेला असतो. नाही आलं तर कागदी पोळ्या कपाटात आहेतच.